वर्गशिक्षिकेनं राजीनामा दिलाय : पालक प्रतिनिधीनं निरोपाचा संदेश कसा लिहावा

जूनमध्ये पालक प्रतिनिधी म्हणून आपलं नाव ठरतं तेव्हा डोळ्यासमोर ठरलेली कामं असतात. सहलीची संमतिपत्रं गोळा करायची, स्नेहसंमेलनाच्या पोशाखांची मापं द्यायची, पालकसभेत कुणीतरी विचारायलाच हवेत ते प्रश्न विचारायचे. वर्षाच्या मध्यात वर्गशिक्षिका शाळा सोडतील आणि सगळ्या वर्गाच्या वतीनं त्यांना लिहायची वेळ आपल्यावर येईल, हे मनातही नसतं. मग दिवाळीच्या सुट्टीनंतर एका संध्याकाळी ग्रुपवर प्रश्न पडतो, "बाई सोडतायत म्हणे, खरंय का?" आणि थोड्याच वेळात तुम्हाला टॅग केलं जातं.

हा लेख त्यानंतर लिहायच्या एकाच संदेशाबद्दल आहे. संदेश बाईंना उद्देशून असतो, पण पालकांच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर जातो, आणि खरी अडचण तिथेच आहे. पत्र एका व्यक्तीला लिहिलेलं असलं तरी ते बाई वाचणार, चाळीसेक घरं वाचणार, कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवला की मुख्याध्यापक वाचणार, महिन्याभरात नव्यानं येणाऱ्या शिक्षिकाही वाचणार. आईचा फोन हातात घेऊन बसलेली नऊ वर्षांची मुलगी तर वाचणारच. मी मसुदा तपासताना या पाचही जणांना समोर बसवते. त्यांतल्या एकालाही जे वाक्य टोचेल, ते काढायचं.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. सिंहगड रस्त्यावरची एक खाजगी, मराठी माध्यमाची शाळा, चौथी ब, पटावर ४२ मुलं. बाई जूनपासून या वर्गाला आहेत, शाळेत अजून कायम झालेल्या नाहीत. त्यांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर राजीनामा दिला आहे.

आधी तारीख कळू द्या

पहिल्या संध्याकाळी काहीही लिहू नका. ग्रुपवर एवढंच टाका : "शाळेकडून माहिती घेऊन उद्या कळवते." आणि दुसऱ्या दिवशी खरोखर शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा. दोनच प्रश्न विचारायचे. बातमी पालकांना सांगितली तर चालेल का, आणि बाईंचा शेवटचा दिवस कोणता? कारण विचारू नका. ते सांगणं शाळेवर बंधनकारक नाही, आणि तुम्हाला कळलं की ग्रुपवर दहा जण ते तुमच्याकडून काढून घ्यायला बघतील.

तारीख महत्त्वाची आहे, कारण राजीनामा दिला म्हणजे बाई उद्यापासून येणार नाहीत असं नसतं. महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. त्यानुसार कायम शिक्षकानं तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्यानं एक महिन्याची पूर्वसूचना द्यायची असते. सूचनेच्या काळात सुट्टी धरता येत नाही, म्हणून पुष्कळदा दिवाळीची सुट्टी संपल्यावर राजीनामे येतात. सूचनेऐवजी तेवढ्या काळाचा पगार भरून घेऊन शाळा एखाद्याला लवकरही सोडू शकते. तुमच्या शाळेत नेमकं काय ठरलं आहे ते कार्यालयालाच ठाऊक, म्हणून तारीख तिथूनच घ्यायची.

आपल्या उदाहरणात बाई कायम नाहीत, म्हणजे साधारण एक महिना. नोव्हेंबरच्या मध्यावर राजीनामा दिला तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत त्या रोज वर्गात असणार. तुम्ही उत्साहानं पहिल्याच दिवशी निरोपाचा मोठा संदेश टाकलात, तर पुढचा महिनाभर बाईंना रोज सकाळी रडवेल्या चेहऱ्यांसमोर हजेरी घ्यावी लागेल, आणि "बाई, नका ना जाऊ" ऐकत भागाकार शिकवावा लागेल. म्हणून आत्ता ग्रुपवर फक्त माहिती द्या. संदेश शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी. शेवटचा दिवस शुक्रवार असेल तर गुरुवारी, मुलं झोपायच्या थोडं आधी. त्यामुळे शुक्रवारी सकाळी काय बोलायचं, हे घरोघरी आई-वडिलांना मुलांशी ठरवता येतं.

बातमीची ओळ अशी पुरते : "मुख्याध्यापकांशी बोलणं झालं. बाई डिसेंबरच्या मध्यापर्यंत आपल्या वर्गाला आहेत. नव्या वर्गशिक्षिकांबद्दल शाळा कळवणार आहे. तोपर्यंत बाईंना यासंबंधी फोन करू नये ही विनंती." शेवटचं वाक्य विसरू नका. नाहीतर ४२ घरांतून फोन जातील, आणि प्रत्येक घराला तेच उत्तर नव्यानं द्यायची पाळी बाईंवर येईल.

बाईंना विचारा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. शाळा सुटल्यावर दोन मिनिटं भेटून सरळ विचारा : "बाई, सगळ्या पालकांच्या वतीनं तुम्हाला चार ओळी लिहायच्या आहेत. ग्रुपवर टाकल्या तर चालतील ना, की तुम्हालाच द्याव्यात?" काही शिक्षिकांना जाहीर कौतुक अवघड वाटतं. काहींची शाळेशी बोलणी अजून सुरू असतात आणि आपल्या जाण्याचा गाजावाजा त्यांना नको असतो. त्या नको म्हणाल्या तर पत्र कागदावर लिहून हातात द्यायचं आणि ग्रुपवर एवढंच सांगायचं, की आपल्या सगळ्यांच्या वतीनं पत्र दिलं आहे.

हो म्हणाल्या तर आणखी एक गोष्ट विचारून घ्या : संदेशात काय येऊ नये? बाई दुसऱ्या शाळेत जाणार असतील, घरी आजारपण असेल, बाळंतपण जवळ आलं असेल किंवा गावी परत जाणार असतील, तर ते कुणाला सांगायचं हे त्यांचं त्या ठरवतील. तुम्हाला विश्वासानं सांगितलं असलं तरी ते चाळीस घरांत जायला नको.

पालकांकडून नेमकं मागा

"बाईंबद्दल दोन शब्द लिहा" असं ग्रुपवर टाकलंत की "खूप छान शिकवायच्या", "मुलांना खूप लळा होता" अशीच उत्तरं येतात. ती खरी असतात, पण कुठल्याही शिक्षिकेला चालतील अशी. त्यातून संदेश होत नाही. प्रश्न बदलला की उत्तरं बदलतात. प्रत्येक घराला एकच प्रश्न विचारा : जूनपासून तुमचं मूल घरी असं काय करतं किंवा बोलतं, जे आधी करत नव्हतं आणि जे बाईंमुळे आलं? उत्तर ग्रुपवर नको, तुमच्या वैयक्तिक नंबरवर मागवा. ग्रुपवर मागवलं की पहिल्या उत्तराचा सूर बाकीचे सगळे उचलतात.

चौथी ब मध्ये समजा अशी उत्तरं आली. एका आईनं लिहिलं, की मुलगा वर्गात तोंड उघडत नसे, पण बाईंनी टेबलावर शंकांचा डबा ठेवला, नाव न घालता चिठ्ठी टाकायची, शनिवारी बाई एकेक चिठ्ठी उघडून उत्तर द्यायच्या. आता तो घरी जेवताना प्रश्न विचारतो. एका बाबांनी लिहिलं, की चौथीच्या परिसर अभ्यासात शिवछत्रपतींचा भाग सुरू झाला तेव्हा बाईंनी वर्गाला गच्चीवर नेऊन सिंहगड दाखवला, मनोरा दिसतो तोच गड म्हणून ओळखायला शिकवलं, आणि त्या रविवारी मुलीनं हट्टानं गडावर नेलं. तिसऱ्या घरून आलं, की गणिताच्या वहीत चूक असली तर बाई ती खोडत नाहीत, त्या ओळीशेजारी पेन्सिलीनं ठिपका देतात आणि चूक मुलानं स्वतः शोधायची असते. आणखी तीन घरांनी ठिपक्याबद्दलच लिहिलं.

एवढं मिळालं की काम झालं. यातल्या दोन, फार तर तीन गोष्टी घ्यायच्या. एकाच मुलाची ओळख पटेल अशी गोष्ट घेतली तर त्याच्या आईला आधी विचारायचं, आणि मुलाचं नाव तरीही घालायचं नाही. एका मुलाचं नाव आलं की उरलेल्या एकेचाळीस घरांत "माझं का नाही?" हा प्रश्न येतो.

मराठी फारसं लिहिता न येणारे पालकही वर्गात असतात. त्यांना हिंदीत किंवा बोलून, आवाजी संदेशानं सांगू द्या. पुष्कळदा सगळ्यात नेमकी गोष्ट त्यांच्याकडूनच येते.

पहिला मसुदा आणि त्यात काय चुकतं

आता बहुतेक जण पहिल्या झटक्यात लिहितात तसा मसुदा पाहू.

"आदरणीय बाई, आपल्या अचानक जाण्याने वर्गात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. आपण आमच्या मुलांच्या आयुष्याला आकार दिलात. आपल्यासारखी शिक्षिका पुन्हा मिळणे अशक्य. शाळेने आपली किंमत ओळखली नाही याचे आम्हा सर्वांना दुःख आहे. मुले रोज रडत आहेत. शक्य असल्यास निर्णयाचा फेरविचार करावा. मिस्टरांच्या बदलीमुळे जात असलात तरी पुण्यात आलात की नक्की भेटा."

लिहिणाऱ्याच्या मनात माया आहे, यात शंका नाही. पण एकेक वाक्य त्या पाच वाचणाऱ्यांसमोर ठेवून पाहा.

"कधीही भरून न येणारी पोकळी" हे आपण शोकसभेत बोलतो. बाई नोकरी सोडतायत, शुक्रवारी वर्गात येणार आहेत. नऊ वर्षांच्या मुलीनं हे वाचलं तर ती घाबरेल. "अचानक" हा शब्दही नको. बाईंनी रीतसर महिनाभर आधी कळवलं आहे, आणि या शब्दामुळे त्यांनी वर्ग वाऱ्यावर सोडला असं वाटतं.

"आयुष्याला आकार दिलात" यात चूक काही नाही, पण ते दिसत नाही. तिथे शंकांचा डबा यायला हवा.

"आपल्यासारखी शिक्षिका पुन्हा मिळणे अशक्य" हे बाईंना गोड वाटेल. ज्या नव्या शिक्षिका सोमवारी वर्गात पाय ठेवणार आहेत, त्यांनी काय करायचं? त्यांना ग्रुपमध्ये घेतलं की जुने संदेश आपोआप दिसत नाहीत, पण स्क्रीनशॉट दिसतात, आणि मुलांच्या तोंडून तर हे वाक्य पहिल्याच दिवशी कानावर पडतं.

"शाळेने किंमत ओळखली नाही" हे सगळ्यात घातक, आणि त्याचा फटका तुम्हाला बसत नाही, बाईंना बसतो. त्यांना याच शाळेकडून कार्यमुक्तीचं पत्र आणि अनुभवाचा दाखला घ्यायचा आहे, शेवटचा पगार यायचा आहे. असा संदेश मुख्याध्यापकांच्या हाती पडला तर बाईंनीच पालकांना भरवलं असा संशय येतो. त्यांना त्याची कल्पनाही नसते. पगार, व्यवस्थापन, कामाचा ताण, दुसऱ्या शिक्षिकांशी तुलना, यातलं काहीही निरोपाच्या संदेशात येता कामा नये, अगदी खरं असलं तरी.

"मुले रडत आहेत" आणि "फेरविचार करावा" ही दोन्ही वाक्यं बाईंवर ओझं टाकतात. निर्णय त्यांनी विचार करून घेतला आहे. सगळ्यांसमोर विनंती केली की त्यांना सगळ्यांसमोर नकार द्यावा लागतो. आणि मिस्टरांची बदली हा त्यांच्या घरचा विषय. पहिल्या दिवशी ग्रुपवर कुणीतरी अंदाजानं म्हटलेलं असतं, दहा दिवसांत ते खरं धरून मसुद्यात येतं.

सुधारलेला संदेश

आता गोळा केलेल्या गोष्टींतून पुन्हा लिहू. मुलं वर्गात जी हाक मारतात तीच वापरायची. चौथी ब ची मुलं "बाई" म्हणतात, म्हणून बाई. तुमच्याकडे मॅडम, टीचर किंवा ताई असेल तर तसं. घरी आपण त्यांना "तुम्ही" म्हणतो, मग संदेशात "आपण, आपल्या" कशाला?

"आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

चौथी ब च्या पालकांच्या वतीनं लिहिते आहे. उद्या तुमचा या वर्गासोबतचा शेवटचा दिवस.

जूनमध्ये वर्गातली बरीच मुलं प्रश्न विचारायला कचरत होती. तुम्ही टेबलावर शंकांचा डबा ठेवलात, दर शनिवारी एकेक चिठ्ठी उघडून उत्तर दिलंत, आणि चिठ्ठी कुणाची हे कधीच विचारलं नाहीत. आता ही मुलं जेवणाच्या ताटावर आम्हाला प्रश्न विचारतात.

शिवछत्रपतींचा पाठ सुरू झाला तेव्हा तुम्ही वर्गाला गच्चीवर नेऊन सिंहगड दाखवलात. त्यानंतर आमच्यापैकी कित्येक जण मुलांच्या हट्टामुळे बऱ्याच वर्षांनी गड चढले.

आणि गणिताच्या वहीतला पेन्सिलीचा ठिपका. चूक कुठे आहे ते न सांगता शोधायला लावायची ही पद्धत आता आम्हीही घरी वापरतो.

तुम्ही आमच्या मुलांसाठी जे केलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या पुढच्या कामासाठी शुभेच्छा.

चौथी ब चे पालक"

पहिल्या दोन वाक्यांत वर्ग आणि वेळ येते, मग तीन दिसणाऱ्या गोष्टी, मग आभार. कारण नाही, तक्रार नाही, परत या नाही. लांबी शंभर-सव्वाशे शब्द. व्हॉट्सॲपवर मोठा संदेश अर्धा दुमडला जातो आणि पुढचं वाचायला टिचकी मारावी लागते. तीनपेक्षा जास्त गोष्टी घातल्या की शेवटचे आभार तिथे आत राहतात.

खाली "चौथी ब चे सर्व पालक" न लिहिता "चौथी ब चे पालक" लिहिलं आहे, हेही मुद्दाम. प्रत्येक वर्गात एखादं घर असतं ज्याचं बाईंशी जमलेलं नसतं, आणि त्यांच्या नावानं सही करायचा आपल्याला हक्क नाही. मसुदा दोन-तीन पालकांना दाखवा. त्यांत एक तरी असा घ्या जो तुमच्या रोजच्या गप्पांतला नाही. एक दिवस थांबा. कुणी शब्द बदलायला सांगितला तर बदला, कुणी नवा परिच्छेद घालायला सांगितला तर शक्यतो नाही म्हणा. चौघांनी मिळून लिहिलेला संदेश चार सुरांत बोलतो.

ज्या बाईंबद्दल वर्गात खरोखर नाराजी होती त्यांना काय लिहायचं, असं मला नव्या प्रतिनिधी हमखास विचारतात. माझं उत्तर असं, की छोटं लिहा आणि खरं लिहा. त्यांनी वर्ग वेळेवर घेतले असतील, वह्या नियमित तपासल्या असतील, सहलीला ४२ मुलं सुखरूप नेऊन आणली असतील. तेवढंच लिहायचं. खोटं कौतुक वाचणाऱ्या प्रत्येकाला कळतं, बाईंना सगळ्यात आधी.

शाळेला विचारायचं ते वेगळ्या कागदावर

बाई जाणार म्हटलं की पालकांच्या मनात आभारापेक्षा काळजी जास्त असते, आणि ती रास्त आहे. मधल्या काळात वर्ग कोण घेणार, अभ्यासक्रम कुठवर आलाय, नव्या शिक्षिका कधी येणार? हे प्रश्न निरोपाच्या संदेशात घुसले की दोन्ही बिघडतं. म्हणून त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांच्या नावे वेगळं, साधं पत्र द्या आणि पोच घ्या.

त्यात मी ज्या गोष्टीवर भर देईन ती म्हणजे नोंदींचं हस्तांतर. पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीआधी झालेली असते, पण आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी वर्गशिक्षिकेनं वर्षभर ठेवायच्या असतात. कुठल्या मुलानं तोंडी काम कसं केलं, कुणाचा प्रकल्प बाकी आहे, हे त्या नोंदींत असतं. त्याहून महत्त्वाच्या असतात त्या तोंडी सांगितलेल्या गोष्टी. एकीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, एकाला फळ्यावरचं नीट दिसत नाही म्हणून पहिल्या बाकावर बसवलं आहे, एकाला न्यायला फक्त आजीच येते. बाईंना हे पाठ असतं, कागदावर नसतं. पत्रात विनंती करा, की बाई जाण्याआधी हे नव्या शिक्षिकांना किंवा पर्यवेक्षकांना लिहून दिलं जावं. ज्यांच्या मुलांबद्दल असं काही आहे त्या पालकांनाही सांगा, की तुम्ही स्वतः पुन्हा एकदा लेखी कळवा.

राजीनाम्यामागे शाळेचं काही चुकतंय अशी पालकांची खात्री असेल, म्हणजे एकाच वर्षात तिसऱ्या शिक्षिका चालल्या असतील, तर तो विषय पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत न्यायचा. शुल्क विनियमनाच्या २०११ च्या कायद्यानं खाजगी शाळांत हा संघ असावाच लागतो आणि प्रत्येक पालक त्याचा सभासद असतो. वर्गाचा ग्रुप ही त्यासाठीची जागा नाही.

भेटवस्तू आणि वर्गणी

संदेशाबरोबर भेट द्यायची सूचना येतेच. आधी शाळेला विचारा, कारण पुष्कळ शाळा शिक्षकांना भेटी घेऊ देत नाहीत. चालत असेल तरी ग्रुपवर रक्कम आणि नावांची यादी टाकू नका. विनाअनुदानित शाळांत २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार राखीव जागांवर आलेली मुलं असतात, आणि इतरही काही घरांना महिन्याच्या पंधरा तारखेला दोनशे रुपये जड जातात. यादीत कुणाच्या नावापुढे काय नाही, हे सगळ्यांना दिसतं. मला सगळ्यात बरं वाटतं ते असं : प्रत्येक मुलानं अर्ध्या पानावर स्वतः काही लिहायचं किंवा काढायचं, आणि ती ४२ पानं दोऱ्यानं ओवून द्यायची. कागद शाळेच्या वहीतलाच.

"बाई, आता घरी शिकवणी घ्याल का?" हे कुणी ग्रुपवर विचारायच्या आत सांगून ठेवा की विचारू नये. त्याच शिक्षणहक्क कायद्यानं शिक्षकांना खाजगी शिकवणी घ्यायला मनाई आहे. बाई दुसऱ्या शाळेत रुजू होणार असतील, तर चारचौघांत असा प्रश्न त्यांना अडचणीत टाकतो.

ग्रुपवर टाकताना

गुरुवारी संध्याकाळी आधी बाईंना वैयक्तिक पाठवा. त्यांनी पाहिल्याची खूण दिसली, काही हरकत आली नाही, की मग ग्रुपवर. सगळ्यांसमोर पहिल्यांदा वाचायला लागू नये, एवढाच हेतू. शाळेचा वर्गग्रुप आणि फक्त पालकांचा ग्रुप असे दोन असतील तर शाळेच्या ग्रुपवर टाकायच्या आधी मुख्याध्यापकांना दाखवा.

टाकण्यापूर्वी ग्रुपचं नाव पुन्हा वाचा. पाठवल्यावर पंधरा मिनिटं मजकूर दुरुस्त करता येतो, आणि सगळ्यांसाठी काढून टाकायला साधारण दोन दिवस मिळतात. पण ज्यांनी वाचलं त्यांनी वाचलं. बाईंचं नाव चुकीचं लिहिलं गेलं असेल तर त्या पंधरा मिनिटांत लक्षात यायला हवं, म्हणून पाठवून फोन ठेवून देऊ नका.

संदेशाखाली लगेच एक ओळ टाका : "ज्यांना बाईंना काही सांगायचं आहे त्यांनी इथे एका ओळीत लिहावं. मुलांचे फोटो आणि व्हिडिओ कृपया टाकू नयेत." वर्गाच्या फोटोत इतरांची मुलं असतात, आणि त्यांच्या आई-वडिलांना विचारलेलं नसतं. कुणी तरीही "शाळेचंच चुकलं" असं लिहिलंच, तर ग्रुपवर वाद घालू नका. त्यांना वेगळा फोन करा आणि बाईंचा अनुभवाचा दाखला अजून यायचा आहे, हे समजावून सांगा. हे कारण ऐकल्यावर बहुतेक जण स्वतःच संदेश काढतात.

बाईंचं उत्तर तुमच्या वैयक्तिक नंबरवर आलं तर ते त्यांना विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकायचं नाही. त्यात त्या कदाचित मोकळेपणानं काही लिहितील, ते तुमच्यासाठी आहे.

वर्गग्रुपच्या ॲडमिन बाईच असतील तर त्या ग्रुप सोडण्याआधी तुम्हाला किंवा दुसऱ्या शिक्षिकेला ॲडमिन करून घ्या. एकुलता एक ॲडमिन बाहेर पडला की व्हॉट्सॲप सभासदांतल्या कुणालाही ॲडमिन करून टाकतं, आणि ती व्यक्ती कोण असेल यावर आपला काही ताबा नसतो. बाईंना ग्रुपमधून तुम्ही काढू नका. त्यांना हवं तेव्हा त्या बाहेर पडतील.

सोमवारी

नव्या शिक्षिका आल्या की त्यांच्यासाठी स्वागताची दोन वाक्यं ग्रुपवर टाका, आणि त्यांत आधीच्या बाईंचा उल्लेख नको. शंकांचा डबा पुढे चालू ठेवा अशी मागणी पहिल्या आठवड्यात कुणी करू नये, हे पालकांना आधीच सांगून ठेवा. मुलं स्वतःच त्यांना डबा दाखवतील. तो ठेवायचा की त्यांची स्वतःची काही पद्धत आणायची, हे नव्या बाई ठरवतील. पहिल्या पालकसभेत त्यांनी विचारलंच, की मुलांना आधी कशाची सवय होती, तर पालकांनी तुम्हाला वैयक्तिक नंबरवर पाठवलेली ती सगळी उत्तरं तुमच्याकडे आहेत. त्यांची परवानगी घेऊन, नावं काढून, ती नव्या बाईंना वाचायला द्या.